एकशे चाळीस झाकणं आणि एक रफार

21 फेब्रुवारी 2025, शुक्रवार, दुपारी साडेतीनच्या सुमारास वाईहून फोन आला. पार्सल सकाळीच पोचलं होतं. मला वाटलं, पोच द्यायला फोन केला असेल. पलीकडून एक खणखणीत म्हातारा आवाज म्हणाला, "पेट्या सुरेख झाल्यात हो. पण मला एक सांगा, हे कुर्हाडे कोण?"

ज्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं तेच आजोबा बोलत होते. आयुष्यभर सातारा जिल्ह्यातल्या शाळांमधून मराठी शिकवलेले. आणि त्यांच्या सोहळ्यात पाहुण्यांना द्यायच्या 140 लाकडी पेट्यांवर आम्ही त्यांचंच आडनाव चुकीचं कोरून पाठवलं होतं.

(खरं आडनाव इथे देत नाही. ज्यात तीच अडचण येते असं दुसरं घेतलंय. आडनाव कुऱ्हाडे, आम्ही कोरलं कुर्हाडे.)

डोंबिवलीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. एक लेझर मशीन, चहाचे मग आणि टाइल छापायचा हीट प्रेस, कार्डांची छपाई बाहेरून. नावं घातलेल्या भेटवस्तू आणि पत्रिका हाच धंदा. या प्रकरणात ग्राहकाची लेखी मंजुरी आमच्याकडे होती. प्रूफ पाठवलं होतं, त्यावर 'ओके' आलं होतं, अंगठाही आला होता. तरीही चूक झाली. म्हणूनच हे सविस्तर लिहितेय. मंजुरी न घेता काम सुरू केलं आणि फसलं, अशा गोष्टी सगळ्यांना माहीत असतात. मंजुरी घेऊनही कसं फसतं ते कमी लोक सांगतात.

मागणी कशी आली

मागणी दिली ती नातीने, न्यू जर्सीहून. जानेवारीच्या शेवटी. सहा बाय चार इंचाची लाकडी पेटी, वर सरकतं झाकण, आत पितळी निरांजन आणि एक छोटं कार्ड. झाकणावर 'सहस्रचंद्रदर्शन सोहळा', आजोबा-आजींची नावं, गाव आणि तारीख. कार्डावर दोघांचा लग्नातला फोटो. पेटीमागे 290 रुपये, 140 नग, म्हणजे 40,600 रुपये. निम्मी रक्कम आगाऊ आली.

तपशील मात्र हप्त्याहप्त्याने आला. पहिल्या दिवशी तिने एका जुन्या पत्रिकेचा फोटो पाठवला, आजोबा-आजींच्या लग्नाच्या सुवर्णमहोत्सवाची. "ताई, साधारण अशी स्टाइल हवी," एवढंच. दोन दिवसांनी व्हॉइस नोट, त्यात आजींचं नाव आणि "आजोबांच्या आधी ती. लावा, श्री. नको". मग तिच्या आईचा मेसेज पुढे ढकललेला, त्यात कार्डावरच्या दोन ओळी. मग मध्यरात्री (आमच्या मध्यरात्री, तिच्या दुपारी) नावांचा टाइप केलेला मजकूर. शेवटी तारीख. पाच ठिकाणांहून पाच तुकडे, आणि ते जोडायचे आम्ही.

या धंद्यात असलेल्या कुणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल. ग्राहकाच्या डोक्यात सगळं पक्कं असतं, त्यामुळे आपण सगळं सांगितलंय असं त्याला मनापासून वाटत असतं.

जी चूक पकडली गेली

तारीख तिने `03/02` अशी पाठवली होती. आमच्या डिझायनरने सरळ '3 फेब्रुवारी 2025' असं लिहून घेतलं. आपण सगळे तसंच वाचतो, आधी दिवस, मग महिना. पण अमेरिकेत राहणारं माणूस महिना आधी लिहितं. तिच्या लेखी ते 2 मार्च होतं.

हे पकडलं गेलं ते आमच्या फॉर्ममधल्या एका रकान्यामुळे. तारखेखाली आम्ही 'वार' विचारतो. तिने 'रविवार' लिहिलं होतं. 3 फेब्रुवारी 2025 ला सोमवार होता. 2 मार्चला रविवार. वार जुळेना म्हटल्यावर विचारलं, आणि झाकणाचं डिझाइन सुरू व्हायच्या आधीच प्रश्न मिटला.

या रकान्याचा मला अभिमान होता. आता थोडा कमी आहे, कारण त्याचीही मर्यादा आहे. हाच घोळ 2024 मध्ये झाला असता तर वाराने काहीच वाचवलं नसतं. ते लीप वर्ष होतं, त्यामुळे 3 फेब्रुवारी आणि 2 मार्च यांच्यामध्ये बरोबर चार आठवडे, आणि दोन्ही दिवशी शनिवार. तेव्हापासून आम्ही महिन्याचं नाव अक्षरात लिहून घेतो आणि वारही विचारतो. आकड्यातली तारीख आली की परत पाठवतो, ग्राहक पुण्यात राहत असला तरी.

फोटोचं थोडक्यात

लग्नातला फोटो म्हणजे सबंध घराण्याचा ग्रुप फोटो, अल्बमवर मोबाइल धरून काढलेला आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला. आकार 899 बाय 1280 पिक्सेल. अख्खा फोटो चार बाय सहा इंचाच्या कार्डावर छापला असता तर चालून गेला असता. पण त्यातून फक्त नवरा-नवरी कापून घ्यायची होती, आणि तेवढा तुकडा भरत होता 260 बाय 340 पिक्सेल. तो चार इंच रुंद छापायचा म्हणजे इंचाला 65 पिक्सेल. तिथे निदान 200 तरी हवेत. मोबाइलवर तो तुकडा छान दिसतो आणि कागदावर आजीचं नाक विरघळलेलं येतं.

नातीच्या काकांनी वाईच्या फोटो स्टुडिओत मूळ फोटो स्कॅन करून घेतला आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच, पण 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला. ते काम तिथे संपलं.

प्रूफ

11 फेब्रुवारीला रात्री साडेआठ वाजता प्रूफ गेलं. तिच्याकडे सकाळचे दहा, ऑफिसची वेळ. आम्ही पाठवलं ते असं होतं: टेबलावर ठेवलेली पेटी, तिरक्या कोनातून, बाजूला झेंडूची दोन फुलं, खाली हलकीशी सावली, आणि झाकणावर बसवलेला मजकूर. दिसायला फार देखणं. सोबत मेसेज: "प्रूफ पाठवत आहोत. सर्व तपशील तपासून मंजुरी द्यावी. मंजुरीनंतर बदल करता येणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलेलं होतं: "Wow ताई!! खूप सुंदर. OK 👍"

आता त्या उत्तराकडे नीट बघा. 'Wow' आणि 'सुंदर' हे पेटीला उद्देशून आहे. तिने पेटी पाहिली. अक्षरं वाचली असतील असं त्या मेसेजात काहीच नाही.

आणि वाचली असती तरी दिसलं असतं का? मी नंतर फूटपट्टी घेऊन बसले. झाकणावर आडनावाची उंची 7 मिलिमीटर होती. पेटीची खरी लांबी 152 मिलिमीटर, आणि मोबाइलच्या पडद्यावर आमच्या त्या देखण्या चित्रात ती दिसत होती साधारण 45 मिलिमीटर. म्हणजे आडनाव 2 मिलिमीटर उंचीचं. त्यात रफार कुठे आहे आणि कसा आहे, हे ऑफिसात दोन कामांच्या मध्ये मोबाइल बघणाऱ्या माणसाला दिसणं अशक्यच. आम्ही तिला तपासायला सांगितलं खरं, पण तपासता येईल असं काही हातात दिलंच नव्हतं.

चूक आली कुठून

मजकूर आम्ही पुन्हा टाइप करत नाही, ग्राहकाने पाठवलेलाच कॉपी करून चिकटवतो. हा नियम चांगला आहे आणि तो आम्ही पाळला होता. चूक मुळातच होती, तिच्या मेसेजमध्ये. मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिताना 'kurhade' टाइप केलं की कीबोर्ड बहुतेक वेळा रफार देऊन मोकळा होतो. दोन्ही शब्द उलगडून ठेवले तर फरक असा दिसतो:

```
कुर्हाडे :  क  ु  र  ्  ह  ा  ड  े
कुऱ्हाडे :  क  ु  ऱ  ्  ह  ा  ड  े
```

एका अक्षराच्या खालच्या टिंबाचा फरक. साधा र (U+0930) घेतला तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार चढतो. टिंबवाला ऱ (U+0931) घेतला तर 'ऱ्ह' मधला तो आडवा, झोपलेला अर्धा र मिळतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर हा ऱ Shift+J वर असतो. मराठीत हा फरक शोभेचा नाही. आचार्यांना जेवण दिलं आणि आचाऱ्यांना जेवण दिलं, यात माणसंच बदलतात. आडनावांमध्ये तर गोऱ्हे, कऱ्हाडकर, बऱ्हाणपूरकर अशी रांगच आहे, आणि न्यू जर्सीत राहून वर्षातून चारदा मराठी टाइप करणाऱ्या मुलीला तो ऱ कीबोर्डवर कुठे दडलाय हे माहीत नसणं साहजिक आहे.

आमच्याकडे पुढची वाट सरळ होती. मजकूर कोरल ड्रॉमध्ये चिकटवला, फॉन्ट लावला, आणि मशीनला देण्याआधी Ctrl+Q करून अक्षरांचे वळणदार आकार करून टाकले. हे करावंच लागतं, कारण मशीनजवळच्या कॉम्प्युटरवर आपला फॉन्ट नसतो आणि तिथे जोडाक्षरं तुटतात. पण एकदा आकार झाले की तो मजकूर उरत नाही. शोधता येत नाही, मूळ मेसेजशी ताडून पाहता येत नाही, आणि मशीनवरच्या मुलाला तर ती नक्षीच असते. म्हणजे वाचण्याची शेवटची संधी Ctrl+Q च्या आधी होती आणि ती आम्ही घेतली नाही.

झाकणामागे लेझरला चार मिनिटं लागतात. 140 झाकणं म्हणजे 9 तास 20 मिनिटं. तेवढा वेळ तोच रफार पुन्हा पुन्हा कोरला जात होता आणि खोलीत आम्ही तिघं होतो. तिघंही मराठी.

चूक कोणाची

फोन ठेवल्यावर मी पहिल्यांदा मंजुरीचा मेसेज उघडला. हे खरं ते सांगते. आधी तो 'OK' शोधला, मग जीव थोडा शांत झाला.

कागदावर आमची बाजू पक्की होती. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे वस्तू सदोष असेल किंवा जाहिरात केल्याप्रमाणे, ठरल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. इथे वस्तू ठरल्याप्रमाणेच होती. तिने लिहून दिलेला शब्द, तिने मंजूर केलेलं प्रूफ, तंतोतंत तसंच कोरलेलं.

मग सगळं चॅट पहिल्यापासून वाचत आले. पहिल्याच दिवशीच्या त्या सुवर्णमहोत्सवाच्या पत्रिकेचा फोटो मोठा करून पाहिला. त्यावर ठळक अक्षरात छापलेलं होतं: कुऱ्हाडे. बरोबर. कुठल्यातरी जुन्या प्रेसमध्ये नीट जुळवलेलं. म्हणजे बरोबर आडनाव तीन आठवडे आमच्याच मोबाइलमध्ये पडून होतं. आम्ही त्याची फक्त वेलबुट्टी पाहिली.

नातीचा फोन रात्री आला. ती बिचारी आधीच रडवेली. "ताई, चूक माझीच आहे, मीच ओके म्हटलं. पण आता काय करायचं? आजोबा म्हणतात राहू दे, पण ते वाटताना प्रत्येकाला सांगत बसतील."

सोहळ्याला नऊ दिवस होते. सुदैवाने नाव फक्त सरकत्या झाकणावर होतं, आणि कार्डावर आडनाव नव्हतंच. पेट्या वाईतच ठेवायच्या आणि नुसती झाकणं नवी करून पाठवायची. झाकणाचा माल, म्हणजे सागाचं विनिअर चढवलेला 6 मिलिमीटरचा एमडीएफ कापून-घासून, नगाला 34 रुपये. एकूण 4,760. ठरलं असं की मालाचे पैसे ती देईल आणि मशीनचा वेळ व मजुरी आमची. दोघींनाही ते न्याय्य वाटलं.

दुसरं प्रूफ

या वेळी पेटीचं चित्र पाठवलंच नाही. झाकणाचा मजकूर कोऱ्या पांढऱ्या पानावर काळ्या अक्षरात, खऱ्या मापाच्या दुप्पट, पीडीएफ करून काकांना पाठवला आणि सांगितलं, याची झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढा आणि आजोबांच्या हातात द्या. मोबाइल त्यांना दाखवू नका.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, काकांनी त्या कागदाचा फोटो पाठवला. आजोबांनी लाल पेनाने तपासला होता, पेपर तपासतात तसा. आडनावाखाली बरोबरची खूण. आजींच्या नावात 'सुशिला' होतं, तिथे शि खोडून शी. (हेही नातीच्या मेसेजमधूनच आलेलं. आजींना स्वतःला खटकलं नव्हतं, की खटकूनही त्या बोलल्या नव्हत्या, कोण जाणे.) आणि सगळ्यात वर, मथळ्याला, एक मोठा लाल गोल. बाजूला समासात सुबक अक्षरात लिहिलेलं: "सहस्र. यात त नाही."

झाकणावर 'सहस्त्रचंद्रदर्शन सोहळा' होतं.

हा शब्द नातीने दिला नव्हता. तिने फक्त "सहस्रचंद्रदर्शनाच्या पेट्या हव्यात" असं बोलून सांगितलं होतं. मथळा आमच्या तयार टेम्प्लेटमधला होता. जवळजवळ दोन वर्षं आम्ही तोच वापरत होतो, मगवर, फ्रेमवर, पत्रिकांवर. सहस्र हा शब्द स आणि र चा. लोक शस्त्र, वस्त्र या चालीवर त्यात त घुसवतात, दुकानांच्या पाट्यांवरही दिसतो, आणि म्हणून डोळ्याला चुकीचा वाटेनासा होतो. आधीच्या एकाही ग्राहकाने तो दाखवला नव्हता. सगळ्यांच्या मंजुऱ्या आमच्याकडे होत्या.

आता 4,760 रुपये कुठल्या तोंडाने मागायचे? झाकणं तशीही नव्याने करावीच लागली असती, तीही आमच्या चुकीपायी. नातीला तसं कळवलं आणि सगळा खर्च आम्ही घेतला. ती म्हणाली, "ताई, मग माझ्या चुकीचं काय?" मी म्हटलं, ती मोठ्या चुकीच्या पोटात गेली.

24 तारखेला एक झाकण कोरलं, त्याचा वरून सरळ फोटो काढला, शेजारी फूटपट्टी ठेवून. हे एक झाकण आधी करणं आम्ही पहिल्या खेपेला वेळ वाचवण्यासाठी गाळलं होतं, आणि त्याचं एक वेगळंच कारण या वेळी समोर आलं. विनिअरवर लाकडाच्या रेषा असतात. 7 मिलिमीटरच्या अक्षरात तो आडवा अर्धा र जेमतेम एक मिलिमीटरचा येतो, आणि रेषा नेमकी तिथून गेली की तो जळून शेजारच्या अक्षरात मिसळतो. मजकूर बरोबर असूनही वाचताना 'कुहाडे'. पडद्यावरच्या प्रूफमध्ये हे कधीच दिसलं नसतं. फॉन्ट एक पायरी जाड घेतला, आडनाव 9 मिलिमीटर केलं, दुसरं झाकण कोरलं, काकांची होकाराची ओळ आली, मग बाकीची लावली. 26 ला गाडीत टाकली, 27 ला वाईत.

आता आम्ही काय करतो

तपशील एकाच माणसाकडून आणि एकाच ठिकाणी घेतो. घरात कितीही जण बोलू देत, शेवटचा मजकूर एकाने एकाच मेसेजमध्ये पाठवायचा. तोपर्यंत व्हॉइस नोट, स्क्रीनशॉट, पुढे ढकललेले मेसेज यांतलं आम्ही काही उतरवून घेत नाही. सुरुवातीला ग्राहक कुरकुरतात. मग तो एक मेसेज लिहिताना त्यांना स्वतःलाच कळतं की आत्याच्या सासऱ्यांचं नाव आपल्याला नक्की ठाऊक नाही.

त्यासोबत प्रत्येक नावासाठी एक छापील पुरावा मागतो. जुनी पत्रिका, दारावरची पाटी, काहीही चालतं. आधार कार्ड शक्यतो नको म्हणतो. एक तर एवढी खासगी माहिती आपल्या मोबाइलमध्ये का साठवायची, आणि दुसरं म्हणजे त्यावरचं मराठी नाव अनेकदा इंग्रजीवरून उलटं आलेलं असतं. मजकुरात 'र्ह' किंवा 'र्य' आलं की डिझायनर थांबून विचारते. कार्य, सूर्य, अर्हता यांत रफार बरोबरच आहे, म्हणून आपोआप बदलून टाकता येत नाही. विचारावंच लागतं.

प्रूफ दोन भागांत जातं. आधी नुसता मजकूर, पांढऱ्यावर काळा, मोठा, आणि टेम्प्लेटमधले आमचे शब्दही त्यातच. तो मंजूर झाल्यावरच देखणं चित्र. उलटा क्रम चालत नाही. चित्र आधी दिसलं की माणूस हरखतो आणि वाचायचं राहून जातं.

मंजुरी म्हणून अंगठा किंवा 'ओके' घेत नाही. ग्राहकाने प्रूफमधली नावं आणि तारीख स्वतः लिहून "हे असंच कोरा" असं पाठवायचं. कॉपी-पेस्ट करणारे करतातच, ते आम्हाला कळतं, कारण आमच्या मजकुरात ओळी जिथे तुटतात तिथेच त्यांच्या तुटतात. मग फोन करून नावं मोठ्याने वाचायला सांगते. थोडं आगाऊ वाटतं, पण वाचताना लोक अडखळतात आणि अडखळले की सापडतं. उत्तर आलं नाही म्हणजे मंजूर, असं कधीच धरत नाही. दोन दिवस वाट बघून आठवण करतो आणि तारीख मागे सरकते असं स्पष्ट कळवतो. मजकुरात दोनदा बदल फुकट, तिसऱ्यापासून पैसे.

आणि ज्याचं नाव आहे त्याने, किंवा त्याच्या घरात राहणाऱ्या कुणीतरी, कागदावर वाचलेलं असावं. हे सगळ्यात अवघड. निम्म्या भेटवस्तू गुपित ठेवायच्या असतात. पंचविसाव्या लग्नवाढदिवसाची फ्रेम त्याच जोडप्याला कशी तपासायला देणार? तिथे मग भावाला, शेजारणीला, ऑफिसातल्या जुन्या मित्राला गाठतो. नाहीच कुणी सापडलं तर छापील पुराव्यावर भागवतो आणि तसं ग्राहकाला लिहून कळवतो.

याने वेळ वाढतो. पूर्वी मागणीपासून मशीनपर्यंत चार दिवस जायचे, आता सहा-सात. 'परवा हवंय' म्हणणारी गिऱ्हाइकं परत जातात. दिवाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत तर मी स्वतःच हा क्रम मोडायच्या बेतात येते, आणि मागच्या दिवाळीत 12 मगांच्या एका छोट्या मागणीला मोडलाही. वाचले, इतकंच.

टेम्प्लेटमधला 'सहस्त्र' दुरुस्त केला. मग बाकीचेही सगळे मथळे छापून काढले, तेहतीस निघाले, आणि डोंबिवलीतल्याच एका निवृत्त मुद्रितशोधकांकडे दिले. त्यांनी त्यांतले पाच परत पाठवले, त्यात 'हार्दीक शुभेच्छा' होतं.

सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी फोटो पाठवले. आजोबा खुर्चीत, मांडीवर पेटी, झाकण अर्धं सरकवलेलं. खाली त्यांचा निरोप: जुनी झाकणं परत करू नयेत, शेजारच्या शाळेच्या मास्तरांना वर्गात दाखवायला हवी आहेत.